नव्या क्लायंटला फोनच्या वेळा कशा सांगायच्या: सोलापुरातल्या जीएसटी ऑफिसांसाठी

टॉवेल, चादर किंवा युनिफॉर्मचा कारखाना चालवणाऱ्या माणसाचा दिवस कर सल्लागाराच्या दिवसाशी जुळत नाही. माल दुपारनंतर पॅक होतो, ट्रान्सपोर्टची गाडी संध्याकाळी भरते, बिलं आणि ई-वे बिलं त्याच गडबडीत निघतात, आणि मालक हिशेबाकडे वळतो तो रात्री जेवण झाल्यावर. म्हणून त्याचा मेसेज साडेनऊ-दहाला येतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण उत्तर किती वाजेपर्यंत मिळतं आणि कुठे विचारायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगायचं काम आपलं, आणि तेही पहिल्या महिन्याचं पहिलं बिल हातात यायच्या आधी.

इथे एक नमुना धरून चालू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना, महिन्याला रिटर्न भरणारा. त्या बाजूला माणसं तीन: मालक, हिशेब बघणारे मुनीमजी आणि गाड्या भरून देणारा डिस्पॅचचा मुलगा. आपल्या बाजूला दोन-तीन माणसांचं छोटं ऑफिस. आकडे आपापल्या सोयीने बदलावेत, क्रम मात्र बदलू नये.

आधी त्यांचा महिना समजून घ्या

वेळा ठरवण्याआधी पहिल्या भेटीत चार गोष्टी विचाराव्यात. गाड्या साधारण किती वाजता सुटतात? ई-वे बिल कोण काढतं, तुमचा माणूस की ट्रान्सपोर्टवाला? आमच्याशी रोज बोलणार कोण? आणि पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल व ईमेल कोणाचा आहे?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पुढचा निम्मा त्रास तिथून निघतो. पुष्कळ नोंदण्यांवर आधीच्या सल्लागाराचाच मोबाइल नंबर असतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो, नोटीस आल्याचा मेसेजही त्याच्याकडे, आणि आपण दोन्ही बाजूंना फोन करत बसतो. काम हाती घेतलं की पोर्टलवर दुरुस्ती करून तिथे मालकाचा स्वतःचा नंबर आणि कारखान्याचा ईमेल घालून घ्यावा. तोवर उत्तराच्या वेळेचं कोणतंही वचन देऊ नये, कारण ते पाळणं आपल्या हातात नसतं.

रोज बोलणारा माणूस एकच ठरवून घ्यावा. आपल्या नमुन्यात तो मान मुनीमजींचा. मालकांनी कधीही फोन करावा, त्याला हरकत नाही. पण आकडा, बिल, तारीख यांबद्दलचा शब्द मुनीमजींचाच धरायचा. हे ठरलं नाही तर एकाच बिलाबद्दल तिघांकडून तीन निरोप येतात, आणि त्यातला शेवटचा खरा धरावा की मोठ्या माणसाचा, हे कळत नाही.

तीन वेळा वेगळ्या सांगा

"चोवीस तासांत उत्तर देऊ" हे वाक्य बहुतेक ऑफिसं वापरतात आणि बहुतेक भांडणंही त्याच वाक्यावरून होतात. क्लायंट त्याचा अर्थ "चोवीस तासांत काम होईल" असा घेतो, आपल्या मनात असतं "चोवीस तासांत काहीतरी कळवू". म्हणून पोच, उत्तर आणि काम या तिन्हींची वेळ स्वतंत्र सांगावी.

पोच म्हणजे "मिळालं, बघतो" एवढंच. ती ऑफिसच्या वेळेत, म्हणजे आपल्या नमुन्यात साडेदहा ते सात, तीन तासांत द्यावी. मेसेज दुपारी बाराला आला तर तीनपर्यंत, संध्याकाळी सहाला आला तर दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत. उत्तर म्हणजे प्रश्नाचा निकाल: या मालाला दर कोणता, या खरेदीचं क्रेडिट मिळेल का. त्याला कामकाजाचा एक पूर्ण दिवस ठेवावा. आणि काम, म्हणजे रिटर्न, नोटिशीचं उत्तर, बँकेसाठी लागणारे कागद, याला तारीखच द्यावी. तास सांगूच नयेत.

या वेळा ठरवताना आपल्या सर्वांत चांगल्या आठवड्याकडे न बघता १० आणि २० तारखेच्या आसपासच्या आठवड्यांकडे बघावं. मासिक क्लायंटचं जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ला आणि ३बी २०ला असतं. ९ ते ११ आणि १८ ते २० या सहा दिवसांत नेहमीची वेळ पाळली जात नाही, हे आधीच माहीत असताना ती सगळ्या महिन्यासाठी कबूल करणं बरोबर नाही. या सहा दिवसांत फक्त चालू रिटर्नच्या प्रश्नांना उत्तर मिळेल, बाकीचे प्रश्न १२ किंवा २१ला घेऊ, असं लेखी सांगून ठेवावं. व्यापारी माणसाला तारखांची अडचण लगेच समजते. त्याच्याही सीझनला तो दुसरं काही घेत नाही.

आणि वेळ दोन्हीकडून पाळली जायला हवी. विक्रीची यादी ५ तारखेपर्यंत, खरेदीची बिलं १०पर्यंत. १४ला २बी तयार होतं, १५ ते १७मध्ये आपण खरेदी जुळवतो, १७च्या संध्याकाळी भरायच्या कराचा आकडा कळवतो, १९पर्यंत त्यांनी चलन भरायचं. उशिरा आलेलं खरेदीचं बिल पुढच्या महिन्यात घेता येतं, म्हणून त्यासाठी कोणी रात्र जागवू नये. विक्रीचं बिल असं लांबवता येत नाही, म्हणून ५ तारखेचा आग्रह तिथे धरावा. हा फरक क्लायंटला समजावून सांगितला की आपण उगाच शिस्त लावतोय असं त्याला वाटत नाही.

सही ओटीपीने होत असेल तर ओटीपीचीही वेळ ठरवून घ्यावी. तो काही मिनिटांत बाद होतो. मालक गाडी चालवत असतील किंवा यंत्रमागांच्या आवाजात उभे असतील तर तीन-तीनदा पाठवावा लागतो आणि दोन्हीकडचा पारा चढतो. "१० आणि १९ तारखेला दुपारी साडेबारा ते एक या वेळात ओटीपी मागू, फोन जवळ ठेवा" एवढं ठरलं की हा घोळ मिटतो.

कोणती गोष्ट कुठे पाठवायची

सोलापुरात व्हॉट्सअ‍ॅप बंद करा म्हणणं चालायचं नाही आणि तसं म्हणूही नये. त्याचं काम मात्र ठरवून द्यावं: छोटा प्रश्न, पोच, आठवण. बिलं आणि नोटिसा ईमेलवर किंवा सामायिक फोल्डरमध्ये.

बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर का नकोत, हे एकदा नीट सांगावं लागतं. साधा फोटो पाठवला की त्याचा आकार घटतो आणि पंधरा अंकी जीएसटी नंबरातला ८ आणि B वेगळा ओळखू येत नाही. फाइलचं नाव जातं, अँड्रॉइडवर त्याचं `IMG-…-WA0012.jpg` असं काहीतरी होतं आणि बिल कोणाचं ते उघडल्याशिवाय कळत नाही. चाळीस फोटो एकदम आले की एखादं बिल दोनदा चढतं, एखादं राहून जातं, आणि राहिलेलं कोणतं हे २बी आल्यावर उघड होतं. पाठवायचंच असेल तर `Document` म्हणून पीडीएफ पाठवा, असं मुनीमजींना फोन हातात घेऊन एकदा करून दाखवावं. सांगून हे होत नाही, दाखवून होतं.

व्हॉइस मेसेजचंही आधीच बोलून घ्यावं. इथे एकाच कारखान्यात मालक तेलुगूत, मुनीमजी मराठीत आणि ट्रान्सपोर्टवाला कन्नडमध्ये बोलतो. रस्त्यावरच्या आवाजात बोललेले दोन मिनिटांचे तेलुगू निरोप ऑफिसातल्या ज्या एकाला समजतात त्याच्यासाठी थांबून राहतात. त्यात आकडा असेल तर तो चुकीचा ऐकला जाण्याची भीती वेगळीच. नियम साधा ठेवावा: आकडा, तारीख, पार्टीचं नाव लिहून, बाकी बोलून चालेल.

फोनवर ठरलेलं काहीही दोन ओळींत लिहून पाठवण्याची सवय आपणच लावून घ्यावी. "आताच्या बोलण्याप्रमाणे बिल नंबर २१४ रद्द करून नवं काढणार आहात. ई-वे बिलही नवं लागेल." पुढे वाद झाला तर हीच ओळ उपयोगी पडते, आणि फोनवर सांगितलेलं पक्कं होण्यासाठी लेखी यावं लागतं हे क्लायंटच्याही अंगवळणी पडतं.

ऑफिसच्या वेळेनंतर काय: इथे गाडीचं घड्याळ बघा

सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा. "रात्री फोन घेत नाही" असं सरसकट सांगणारं ऑफिस पहिल्याच अडलेल्या गाडीला तोंडघशी पडतं. सगळे फोन घेणाऱ्या ऑफिसला तर वेळच उरत नाही. मधली रेघ कायद्यानेच बरीचशी आखून दिलेली आहे.

ई-वे बिलाची मुदत साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस. हैदराबाद सोलापूरहून सुमारे तीनशे किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. पार्ट-बीमध्ये गाडीचा नंबर पहिल्यांदा भरला की मुदत सुरू होते आणि पहिला दिवस दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. सोमवारी संध्याकाळी नंबर भरला तर मुदत बुधवारच्या मध्यरात्रीपर्यंत. वाढवून घ्यायची सोय मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि संपल्यानंतरचे आठ तास एवढ्यातच असते. मुदत नेहमी मध्यरात्री संपत असल्यामुळे ही खिडकी दुपारी चारला उघडते आणि सकाळी आठला बंद होते.

आता आपलं ऑफिस साडेदहा ते सात आहे हे लक्षात घ्या. सकाळी आठला खिडकी बंद झालेली असते, म्हणजे "सकाळी आल्यावर बघू" हे इथे लागू पडत नाही. पण दुपारी चार ते सात हे तीन तास आपल्या वेळेत आहेत. म्हणून डिस्पॅचच्या मुलाला एकच काम नेमून द्यावं: रोज संध्याकाळी पाचला आज रात्री कोणत्या बिलांची मुदत संपते ते बघणं, आणि माल पोचला नसेल तर सहाच्या आत कळवणं. गाडी बिघडली आहे, की पार्ट-बी भरूनही माल ट्रान्सपोर्टच्या गोदामातच पडून आहे, हे पाचला कळतं. रात्री अकराला येणारे फोन बऱ्याच अंशी या एका कामाने बंद होतात.

बिलावर ट्रान्सपोर्टरचा आयडी असेल तर मुदतवाढ त्या क्षणी माल ज्याच्या ताब्यात आहे त्या ट्रान्सपोर्टरलाच करावी लागते, आपण इथे लॉगिन करून ती करू शकत नाही. म्हणजे अशा वेळी आपल्याला आलेला फोन मुळातच चुकीच्या माणसाला आलेला असतो. ट्रान्सपोर्टचा रात्रीचा नंबर डिस्पॅचच्या टेबलाजवळ भिंतीवर लावायला सांगावा, आपल्या नंबरच्या वर.

एवढं झाल्यावर खरी तातडी म्हणावी अशा दोनच गोष्टी राहतात. रस्त्यात अधिकाऱ्यांनी गाडी थांबवली, आणि कारखान्यात किंवा गोदामात अधिकारी तपासणीला आले. थांबवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरकडून तिथेच जबाब लिहून घेतला जातो, म्हणून आपला सल्ला त्याआधी पोचायला हवा. सकाळी त्याचा उपयोग नसतो. या दोन्हींना रात्रीचा फोन, रविवारचा फोन, सणाचा फोन चालेल असं स्वच्छ सांगावं आणि तो उचलावाच. डिस्पॅचच्या मुलाला फोनवर काय सांगायचं तेही लिहून द्यावं: गाडी नंबर, बारा अंकी ई-वे बिल नंबर, गाडी नेमकी कुठे उभी आहे, आणि अधिकाऱ्यांनी कागद दिला असेल तर त्याचा फोटो. या चार गोष्टी नसतील तर पहिली वीस मिनिटं विचारपूस करण्यातच जातात.

उलट, तातडीची वाटणारी पण नसलेली गोष्टही नावानिशी सांगावी. नोटीस आल्याचा ईमेल रात्री दिसला की मालकांची झोप उडते, ते साहजिक आहे. पण नोटिशीच्या उत्तराला दिवसांची मुदत असते. तीच नोटीस सकाळी साडेदहाला पाठवली तरी काहीही बिघडत नाही. बिलात चूक सापडली आणि गाडी अजून आवारातच उभी आहे, तरीही सकाळ चालते, कारण ई-वे बिल काढल्यापासून चोवीस तासांत रद्द करता येतं. फक्त गाडी सोडायची नाही. हे त्यांना माहीत असलं की रात्री फोन करावा का, याचा निर्णय तेच घेऊ शकतात.

रात्रीच्या फोनचे वेगळे पैसे लावावेत का, असा प्रश्न नेहमी येतो. तातडी नसलेल्या प्रश्नासाठी लावू नयेत. पैसे लावले की तो विकत घेतलेला हक्क होतो आणि क्लायंट निर्धास्तपणे रात्री विचारतो. गाडी अडल्यावर जे काम उभं राहतं, उत्तर लिहिणं, हजर राहणं, त्याची फी मात्र वेगळी आणि आधी सांगितलेली असावी.

समोर बसून कसं सांगायचं

फी ठरल्यावर आणि लॉगिन हातात येण्याआधी ही गोष्ट तोंडी बोलावी, मग पत्र द्यावं. आधी पत्र गेलं तर ते कडक वाटतं. बोलण्याची सुरुवात "आम्ही काय करणार नाही" इथून करू नये, गाडीपासून करावी.

"शेठ, तुमची गाडी रात्री कुठे अडली तर आमचा फोन लागलाच पाहिजे. त्यासाठी हा एक नंबर देऊन ठेवतो, रात्री कधीही करा. बाकीचं कसं चालवायचं ते सांगतो."

बहुतेक वेळा यावर येतं, "म्हणजे बाकीचा फोन रात्री उचलणार नाही म्हणा की."

"उचलला असता, पण रात्री घरून पोर्टल न बघता सांगितलेला आकडा चुकला तर नुकसान तुमचं होतं. तुम्ही रात्रीच लिहून ठेवा, विसरायला नको. सकाळी ऑफिस उघडलं की बघून सांगतो, दीडच्या आत पोच देतोच."

इथे दोन गोष्टी साधतात. त्यांना रात्री मेसेज पाठवायला मनाई केलेली नाही, कारण त्यांचा निवांत वेळ तोच आहे. आणि कारण त्यांच्या फायद्याचं दिलेलं आहे, जे खरंही आहे. "घरचे ओरडतात", "तब्येत बरी नसते" अशी कारणं देऊ नयेत. ती उद्या नसली की नियमही नसतो.

"आधीचे सल्लागार तर रात्री बाराला पण उचलायचे" हेही ऐकायला मिळतं. त्यावर आधीच्या माणसाबद्दल एक शब्दही बोलू नये. "गाडीसाठी आम्हीही उचलू" एवढंच म्हणून थांबावं.

पत्र

एका पानाच्या वर जाऊ नये. मुनीमजींना भिंतीवर लावता यावं असं हवं.

> सप्रेम नमस्कार,
>
> आपल्या कारखान्याचं जीएसटीचं काम १ तारखेपासून आमच्याकडे सुरू होत आहे. रोजचा संपर्क सोपा जावा म्हणून ठरल्याप्रमाणे खालील गोष्टी लिहून देत आहोत.
>
> ऑफिसची वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी १०.३० ते संध्याकाळी ७. निरोपाची पोच ऑफिसच्या वेळेत ३ तासांत मिळेल. प्रश्नाचं उत्तर कामकाजाच्या एका दिवसात मिळेल. मोठ्या कामाची तारीख त्या वेळी कळवू. ९ ते ११ आणि १८ ते २० तारखेला फक्त चालू रिटर्नचे प्रश्न घेऊ. २० तारीख रविवारी आली तरी ऑफिस उघडं राहील.
>
> छोटे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर, बिलं आणि नोटिसा ईमेलवर पीडीएफ करून पाठवाव्यात. आकडे आणि तारखा कृपया लिहून कळवाव्यात. आपल्याकडून मुनीमजींचा निरोप अंतिम धरू.
>
> विक्रीची यादी ५ तारखेपर्यंत, खरेदीची बिलं १० तारखेपर्यंत मिळावीत. ओटीपीसाठी १० आणि १९ तारखेला दुपारी १२.३० ते १ या वेळात फोन जवळ ठेवावा.
>
> रस्त्यात गाडी थांबवली किंवा अधिकारी तपासणीला आले, तर कोणत्याही वेळी तातडीच्या नंबरवर साधा फोन करावा. उचलला गेला नाही तर लगेच दुसऱ्यांदा करावा. इतर निरोप रात्री पाठवले तरी चालतील, ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहू.
>
> यात आपल्याला काही अडचण वाटत असल्यास पहिल्या महिन्यातच सांगावं, बदल करता येईल.

"नियम व अटी" असं शीर्षक देऊ नये आणि सही मागू नये. मुनीमजींनी "मिळालं, ठीक आहे" असं उत्तर दिलं की पुरे. नाही दिलं तर दोन दिवसांनी मागून घ्यावं.

फोनची मांडणी

पत्रात "दुसऱ्यांदा करावा" असं का लिहिलं, ते इथे कळेल. अँड्रॉइडच्या `Do Not Disturb` मध्ये `Repeat callers` चालू ठेवलं की त्याच नंबरावरून पंधरा मिनिटांच्या आत आलेला दुसरा फोन वाजतो, बाकी सगळं शांत राहतं. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे, म्हणून "लगेच" हा शब्द. साधा फोन यासाठी म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅप कॉलला ही सोय लागू पडेलच असं नाही.

ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप वेगळ्या सिमवर, बिझनेस अ‍ॅपवर असावा. त्यात आधी `Business hours` भरून घ्यावेत, मग `Away message` मध्ये वेळापत्रक `Outside of business hours` ठेवावं. मजकूर असा: "नमस्कार. निरोप मिळाला. ऑफिस सकाळी १०.३०ला उघडल्यावर पाहून कळवतो. गाडी थांबवली असल्यास किंवा तपासणी असल्यास तातडीच्या नंबरवर फोन करावा." फोनला इंटरनेट नसेल तर हा निरोप जात नाही, रात्री डेटा बंद करण्याची सवय असेल तर तो गेलाच नाही हे सकाळीसुद्धा कळत नाही. दुसऱ्या नंबरावरून एकदा रात्री मेसेज पाठवून खात्री करावी. `Recipients` मध्ये ऑफिसची आणि घरची माणसं वगळावीत.

ईमेलला रात्रीच उत्तर सुचलं तर लिहून `Schedule send` ने सकाळी १०.४५ला लावून द्यावं. रात्री ११ला गेलेलं एक उत्तर पत्रातल्या सगळ्या वेळा खोट्या पाडतं.

पहिल्या महिन्यात कुठे घसरतं

समजा काम १ तारखेला सुरू झालं. ३ तारखेला रात्री ९.५०ला मालकांचा मेसेज येतो: "जुन्या लूमच्या विक्रीवर टॅक्स लागतो का?" हा प्रश्न सोपा आहे, उत्तर तोंडपाठ आहे, आणि नवा क्लायंट आहे म्हणून हात शिवशिवतो. इथेच थांबावं. स्वयंचलित निरोप गेलेला असतो. सकाळी १०.४५ला: "नमस्कार शेठ, काल रात्रीचा प्रश्न पाहिला. लूम कधी घेतला होता आणि त्या वेळी क्रेडिट घेतलं होतं का, एवढं मुनीमजींकडून कळवा. आज संध्याकाळपर्यंत सांगतो." रात्री घाईत दिलेलं उत्तर या दोन माहितींशिवाय अर्धवटच ठरलं असतं. उशीर झाल्याबद्दल माफी मागू नये, कारण उशीर झालेलाच नाही. माफी मागितली की ठरलेली वेळ ही आपलीच चूक होती असा अर्थ निघतो.

५ तारखेला यादी येत नाही. ६ला सकाळी एक आठवण, ७ला दुपारी मुनीमजींना फोन, ८ला मालकांना लेखी: "यादी आज संध्याकाळपर्यंत मिळाली तर ११च्या आत भरतो. त्यानंतर आल्यास उशीर होऊ शकतो आणि रोजची लेट फी लागते." पहिल्या महिन्यात सूर असाच ठेवावा, तारीख आणि परिणाम, राग नाही.

१२ तारखेला डिस्पॅचचा मुलगा रात्री दहाला दोनदा फोन करतो, कारण गाडीचा नंबर चुकून दुसऱ्याच गाडीचा पडला आहे आणि गाडी अजून फाटकातच आहे. ही तातडी नव्हे, पण त्या मुलाला ते माहीत नाही. फोन उचललाच आहे तर पार्ट-बीमध्ये नंबर बदलता येतो एवढं सांगावं, आणि दुसऱ्या दिवशी मुनीमजींमार्फत त्याला ते लॉगिनवर करायला शिकवावं. एकाच प्रकारचा फोन दोनदा आला तर शिकवणं राहिलं आहे असं समजावं. पत्र पुन्हा पाठवून ते भरून निघत नाही.

ऑफिसातूनच नियम मोडला जातो तोही असा: मदतनीस आपल्या खासगी नंबरावरून मुनीमजींना उत्तर देतो, चांगल्या हेतूने. मग बिलं त्याच्या फोनवर यायला लागतात, तो गावी गेला की कुणालाच सापडत नाहीत. "ऑफिसच्या नंबरवर पाठवा, तिथे सगळ्यांना दिसतं" हे एकच उत्तर सगळ्यांनी द्यायचं. एका मेसेजला दोघांनी दोन उत्तरं देऊ नयेत म्हणून प्रत्येक क्लायंट एकाच्या नावावर लावावा आणि अ‍ॅपमधली लेबलं त्यासाठी वापरावीत.

महिना संपला की २२-२३ तारखेला मुनीमजींशी दहा मिनिटं बसावं. रात्रीचे फोन किती आले, त्यातले खऱ्या तातडीचे किती, आपली पोच किती वेळा उशिरा गेली. आपली पोच वारंवार उशिरा जात असेल तर वेळ तीनवरून चार तास करावी आणि तसं कळवावं. पाळली जाणारी लांब वेळ क्लायंटला चालते, न पाळली जाणारी छोटी वेळ खटकते.

जानेवारीचं वेगळं

सिद्धेश्वर यात्रेचे दिवस संक्रांतीला धरून येतात, आणि जीएसटीच्या तारखाही नेमक्या त्याच सुमारास: ११ला जीएसटीआर-१, १४ला २बी, २०ला ३बी. अक्षता सोहळ्याला इथलं ऑफिस बंद, बाजार अर्धा बंद, पण क्लायंटचा हैदराबादचा किंवा सुरतेचा व्यापारी चालूच असतो. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एक निरोप जावा:

> नमस्कार. यात्रेनिमित्त १३ ते १५ जानेवारी ऑफिस बंद राहील. या महिन्यात विक्रीची यादी ३ तारखेपर्यंत आणि खरेदीची बिलं ८पर्यंत द्यावीत. कराचा आकडा १८ला कळवू. तातडीचा नंबर तिन्ही दिवस चालू राहील.

सुट्टीच्या तारखा पंचांग आणि आपलं ऑफिस बघून बदलाव्यात. तातडीचा फोन त्या तीन दिवसांत कोणाच्या हातात असेल हे मात्र नावानिशी ठरवावं, कारण नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या गर्दीत फोन वाजलेला ऐकू येत नाही. ज्याच्याकडे फोन असेल त्याने `Business hours` मध्ये ते तीन दिवस १२च्या संध्याकाळीच बंद दाखवून ठेवावेत आणि १५च्या रात्री पूर्ववत करावेत, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्याच वारांना उघड्या ऑफिसातून "ऑफिस उघडल्यावर पाहून कळवतो" असा निरोप जात राहतो.